डेथ समरीत घटनाक्रम कसा लावावा: खुब्याच्या फ्रॅक्चरची एक केस

प्रश्न: मी मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. माझी डेथ समरी ऑडिट मीटिंगमधून परत आली, शेरा होता ‘सिक्वेन्स दिसत नाही’. मी सगळं तारखेप्रमाणे लिहिलं होतं. शेवटी सेप्टिक शॉक, मल्टिऑर्गन फेल्युअर, कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट असंही लिहिलं होतं. मग नेमकं राहिलं काय?

उत्तर:

तारखेप्रमाणे लिहिलेलं म्हणजे क्रमाने लिहिलेलं, पण त्यातून कशामुळे काय झालं हे कळेलच असं नाही. ‘११ तारखेला ताप, १२ ला अँटिबायोटिक बदललं, १३ ला बीपी कमी, १४ ला इंट्यूबेट’ हे वाचून पेशंटसोबत काय काय घडलं ते समजतं. पण १३ तारखेचा बीपी ११ तारखेच्या तापामुळे पडला, की रक्तस्रावामुळे, की हार्ट अटॅकमुळे, हे वाचणाऱ्याने स्वतःच ठरवायचं राहतं. ऑडिट मीटिंगमध्ये बसलेल्यांनी पेशंट पाहिलेला नसतो. एमआरडीतल्या कोडरने तर नाहीच. तो जोड तुम्हीच लिहून द्यायचा असतो.

तुमची केस मला माहीत नाही, म्हणून मी नेहमी शिकवायला घेतो तशी एक केस मांडतो. अशी पेशंट प्रत्येक जनरल वॉर्डात सापडते. समरी आपण इंग्रजीत लिहितो, पण विचार कसा करायचा हे मराठीतच सांगतो.

६८ वर्षांच्या बाई. १२ वर्षांपासून मधुमेह, गोळ्यांवर. ब्लड प्रेशरचीही गोळी चालू. ३ तारखेला सकाळी घरच्या बाथरूममध्ये पाय घसरून डाव्या कुशीवर पडल्या. दोन दिवस घरीच झोपून होत्या, शेक आणि मलम चालू होतं. पाय टेकवताच येईना म्हणून ५ तारखेला भरती केलं. एक्स-रेत डाव्या मांडीच्या हाडाचं इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर. शुगर ३१०, हिमोग्लोबिन ९.२, क्रिएटिनिन १.१. शुगर आटोक्यात येईपर्यंत ऑपरेशन थांबलं, ८ ला फिटनेस मिळाला आणि ९ ला स्पायनल देऊन नेल बसवला. ११ ला ताप आणि खोकला, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९०. १२ ला एक्स-रेत उजवीकडे खालच्या भागात पॅच, पांढऱ्या पेशी १८,४००. अँटिबायोटिक सुरू. १३ ला पहाटे बीपी ८०/५०, सलाईन देऊनही वर येईना, नॉरअॅड्रेनालिन सुरू करून आयसीयूत हलवलं. लघवी तासाला १५ मिलीपर्यंत घसरली, क्रिएटिनिन ३.२. १४ ला इंट्यूबेशन. १५ ला ट्यूबमधून घेतलेल्या स्रावाच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला. १६ ला पहाटे ४:१० ला हृदयाचे ठोके मंदावून थांबले, सीपीआर दिला, ४:४५ ला मृत्यू घोषित.

या केसची पहिल्या हाताने लिहिलेली समरी जवळजवळ नेहमी अशी संपते: ‘मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्या पेशंटला सेप्टिक शॉक व मल्टिऑर्गन फेल्युअर झाले. पेशंटला अचानक कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट आला. सर्व प्रयत्न करूनही पेशंट दगावला.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही ही चार ओळींची समरी टायफॉइडच्या, जळालेल्या, पोटात आतडं फुटलेल्या अशा कुठल्याही पेशंटला जशीच्या तशी चिकटवता येईल. बाई पडल्या होत्या हे शेवटच्या परिच्छेदात कुठेच नाही.

म्हणून कागदावर पुढून लिहायच्या आधी कच्च्या कागदावर मागून चालत जायचं. शेवटच्या क्षणापासून सुरुवात करा आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारा: हे कशामुळे?

हृदय थांबलं. कशामुळे? प्रत्येक माणसाचं हृदय मरताना थांबतंच, म्हणून ही पायरी मोजायची नाही. मेडिकल सर्टिफिकेटच्या फॉर्म ४ वर पहिल्याच रकान्यात छापलेलं असतं की आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा, मरण्याची पद्धत लिहू नका. तरी रकान्यात कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट लिहिलेले फॉर्म रोज येतात. समरीत अरेस्टची वेळ आणि सीपीआरचा तपशील जरूर द्यावा, पण तो ‘उपचार’ या भागात. कारणांच्या साखळीत त्याला जागा नाही.

अरेस्टच्या आधी काय होतं? तीन दिवस न हटणारा शॉक. तो कशामुळे? इथे थोडं थांबावं लागतं, कारण ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बीपी पडण्याची कारणं एकापेक्षा जास्त असतात. रक्तस्राव, हार्ट अटॅक, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, आणि इन्फेक्शन. तुम्ही इन्फेक्शन का निवडलं हे समरीत दोन-तीन वाक्यांत आलंच पाहिजे. आमच्या केसमध्ये: ताप आणि पॅच शॉकच्या आधी आले होते, हिमोग्लोबिन ८.८ म्हणजे फारसं हललेलं नव्हतं, ईसीजीत नवा बदल नव्हता, बेडसाइड इकोत उजवी बाजू फुगलेली नव्हती, आणि कल्चर जुळलं. गुठळीसाठी सीटी अँजिओ करायला हवा होता; क्रिएटिनिन आणि अस्थिर बीपीमुळे पेशंटला हलवता आलं नाही. तेही लिहायचं. ‘गुठळीची शक्यता इकोवरून कमी वाटली, सीटी करता आला नाही’ एवढं एक वाक्य मीटिंगमधले अर्धे प्रश्न आधीच मिटवतं. खात्री नसेल तिथे ‘बहुधा’ हा शब्द वापरायला लाजू नका.

इथे मल्टिऑर्गन फेल्युअरचा निकाल लावून टाकू. हा शब्द लिहिला की आपण काहीतरी मोठं निदान लिहिल्यासारखं वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. कोणते अवयव, कधी, किती? ‘१३ तारखेपासून मूत्रपिंड (क्रिएटिनिन १.१ वरून ३.२), १४ पासून फुप्फुस (व्हेंटिलेटर)’ असं लिहा. हे शॉकचे फाटे आहेत. साखळीची वेगळी कडी म्हणून त्यांना ओळ देऊ नका.

शॉक इन्फेक्शनमुळे, इन्फेक्शन न्यूमोनियाचं. भरती ५ ला, लक्षणं ११ ला. भरतीनंतर ४८ तासांनी किंवा त्याहून उशिरा उद्भवला आणि भरतीच्या वेळी सुरू झालेला नव्हता, म्हणून हा हॉस्पिटल-अक्वायर्ड न्यूमोनिया. पुष्कळ जण हा शब्द टाळतात, कारण त्यात हॉस्पिटलवर ठपका येतो असं वाटतं. पण तारखा केसपेपरवर आहेतच. शब्द टाळून तारखा लपत नाहीत; उलट टाळल्याचं मात्र दिसतं. भरतीच्या दिवशी छाती साफ होती, एक्स-रे साफ होता, हे लिहून मग ११ तारखेवर या.

न्यूमोनिया कशामुळे? इथे बहुतेक जण मधुमेहावर उडी मारतात. मधुमेह १२ वर्षांचा, न्यूमोनिया ५ दिवसांचा, म्हणजे काळाचा क्रम बसतो; खालची ओळ वरच्यापेक्षा जुनी असावी हा नियमही पाळला जातो. पण जुनं असणं पुरेसं नाही. बाई पडल्याच नसत्या तर १२ वर्षांचा मधुमेह घेऊन त्या त्या आठवड्यात घरीच असत्या. त्या पाठीवर पडून होत्या, दुखण्यामुळे खोकताना जोर लावता येत नव्हता, उठून बसता येत नव्हतं. आणि ते फ्रॅक्चरमुळे. मधुमेहाने इन्फेक्शन वाढायला मदत केली, म्हणून त्याची जागा भाग दोनमध्ये, ‘हातभार लावणारे इतर आजार’ या रकान्यात. ब्लड प्रेशर तिथेही येईल का? या केसमध्ये त्याने काय केलं हे मला एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून मी ते पूर्वेतिहासात लिहीन आणि फॉर्मवर लिहिणार नाही. भाग दोन म्हणजे पेशंटच्या सगळ्या जुन्या आजारांची यादी नव्हे.

फ्रॅक्चर कशामुळे? पडल्यामुळे. आणि पडल्या कशामुळे? हा प्रश्न जवळपास कुणी विचारत नाही, आणि साखळी सगळ्यात जास्त इथेच बदलते. सकाळी उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊन चक्कर आली असेल, तर सुरुवात हायपोग्लायसेमियापासून. आधी हातापायातली शक्ती गेली आणि मग पडल्या असतील, तर सुरुवात पक्षाघातापासून. कर्करोग आधीच हाडात पसरलेला असून पोखरलेलं हाड आपोआप मोडलं आणि म्हणून त्या पडल्या असतील, तर साखळी पूर्णपणे आजाराची होते, अपघाताची राहत नाही. आमच्या बाईंच्या सुनेने सांगितलं होतं: साबणाचं पाणी सांडलेलं होतं, पडल्यावर त्यांनी स्वतः हाक मारली, बोलणं साफ होतं, चक्कर आलेली नव्हती. हे भरतीच्या दिवशीच विचारून लिहून ठेवावं लागतं, आणि कुणी सांगितलं तेही. मृत्यूनंतर विचारायला गेलात तर घरचे आठवून काहीही सांगतील, आणि ते त्यांचं दुःख असतं, पुरावा नव्हे.

या वयात हाड ठिसूळ असणारच, मग ऑस्टिओपोरोसिस तळाला का नको, असा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास येतो. साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाड कमकुवत असणार, हे बरोबर. पण आधीचं निदान, तपासणी किंवा ऑपरेशनमधली नोंद असेल तर त्याला भाग दोनमध्ये ठेवा. घटनेची सुरुवात पडण्यापासूनच झाली.

आता कच्च्या कागदावर साखळी तयार आहे. फॉर्म ४ च्या पहिल्या भागात तीन ओळी असतात, त्या अशा भरतील:

(अ) सेप्टिक शॉक, ३ दिवस
(ब) वरच्यामागचं कारण: हॉस्पिटल-अक्वायर्ड न्यूमोनिया, क्लेबसिएला, ५ दिवस
(क) त्यामागचं कारण: डाव्या मांडीच्या हाडाचं इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर, ९ तारखेला ऑपरेशन, १३ दिवस
भाग दोन: टाइप २ मधुमेह, १२ वर्षं
मृत्यूचा प्रकार: अपघात. इजा कशी झाली: घरच्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या

प्रत्येक ओळीसमोरचा काळ मृत्यूपासून मागे मोजायचा. तपासणी दोन दिशांनी करा. वरून खाली वाचताना प्रत्येक दोन ओळींमध्ये ‘हे कशामुळे’ बसलं पाहिजे, खालून वर वाचताना ‘त्यातून हे झालं’ बसलं पाहिजे. कुठे अडखळलात तर तिथे एक कडी गळली आहे किंवा उपरी कडी घुसली आहे. आणि काळाचे आकडे खाली जाताना वाढत गेले पाहिजेत, निदान कमी तरी होता कामा नयेत.

यानंतरच समरीचा मजकूर, आता पुढून. मी पाच-सहा परिच्छेदांपलीकडे जात नाही. पहिल्यात घरी कशा होत्या आणि काय घडलं: स्वतःचं स्वतः करत होत्या, चालत होत्या, हे एक वाक्य फार मोलाचं, कारण त्यावरून घसरण कुठे सुरू झाली ते दिसतं. दुसऱ्यात भरतीच्या वेळची स्थिती, आणि त्यात जे ठीक होतं तेही: छाती साफ, क्रिएटिनिन १.१, बीपी स्थिर. पुढे काय बिघडलं हे मोजायला हीच पट्टी लागते. तिसऱ्यात ऑपरेशन आणि ते का थांबलं. चौथा परिच्छेद वळणाचा, आणि जागा त्यालाच सर्वात जास्त द्यायची: पहिलं लक्षण केव्हा, कुणाच्या लक्षात आलं, काय केलं, त्याला प्रतिसाद काय. पाचव्यात आयसीयू. शेवटी मत: वरची साखळी सलग दोन-तीन वाक्यांत, आधार देऊन.

नमुना म्हणून वळणाचा परिच्छेद असा लिहिता येईल:

‘ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी (११ तारीख, संध्याकाळी ७) ताप १०१ व खोकला सुरू झाला, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९०. भरतीच्या वेळी छाती व एक्स-रे साफ होते. १२ तारखेच्या एक्स-रेत उजवीकडे खालच्या भागात नवा पॅच, पांढऱ्या पेशी १८,४००. हॉस्पिटल-अक्वायर्ड न्यूमोनिया समजून पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सुरू केले. उपचार सुरू असतानाच १३ तारखेला पहाटे ३ वाजता बीपी ८०/५० झाला. दोन लिटर सलाईननंतरही न वाढल्याने नॉरअॅड्रेनालिन सुरू करून आयसीयूत हलवले.’

यात रोजची शुगर नाही, रोजचा ड्रेसिंगचा उल्लेख नाही, सोडियम-पोटॅशियम नाही. ज्या रिपोर्टमुळे निदान किंवा उपचार बदलला तेवढेच मजकुरात, बाकीचे सोबतच्या तक्त्यात. ‘दुर्दैवाने’, ‘अचानक’, ‘शर्थीचे प्रयत्न’ हे शब्दही नाहीत. तीन दिवस नॉरअॅड्रेनालिनवर असलेल्या पेशंटचा मृत्यू ‘अचानक’ लिहिला की पुढचा प्रश्न स्वाभाविकच येतो: मग आयसीयूत कोण होतं?

ऑपरेशनला उशीर झाला हे कसं लिहायचं, यावर वादावादी होते. ऑर्थोची समरी मेडिसिनला दोष देते, मेडिसिनची ऑर्थोला. समरी ही ती जागा नाही. ‘शुगर ३१० असल्याने ऑपरेशन पुढे ढकलले, ८ तारखेला फिटनेस, ९ ला शस्त्रक्रिया’ एवढं पुरे. पडल्यापासून ऑपरेशनपर्यंत सहा दिवस गेले, त्यातले दोन घरचे होते, हे तारखांवरून ज्याला काढायचं तो काढेल.

वेळा जुळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि ते समरीवर सही करण्याआधीच करावं. डॉक्टरांच्या नोटमध्ये नॉरअॅड्रेनालिन ३:३० ला, नर्सिंग चार्टवर ३:१० ला, औषधांच्या शीटवर ४ वाजता, असं सर्रास असतं. मृत्यूची वेळ तर समरी, फॉर्म ४, नर्सिंग नोट आणि सपाट रेषेच्या ईसीजीवर एकच हवी. ईसीजीच्या पट्टीवर पेशंटचं नाव आणि वेळ पेनाने लिहिलेली असावी. तफावत आढळली तर खाडाखोड करून एकसारखं करू नका. जुनी नोंद वाचता येईल अशी एक आडवी रेघ, शेजारी बरोबर वेळ, सही, आणि दुरुस्तीची तारीख-वेळ. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे नातेवाइकांनी किंवा अधिकृत व्यक्तीने मागितल्यास कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. तेव्हा तुमची समरी नर्सिंग चार्टच्या शेजारी ठेवून वाचली जाते.

आता या केसमधला सर्वांत अवघड भाग. साखळी मागे नेत आपण बाथरूममध्ये पोचलो, म्हणजे हा अपघाती मृत्यू झाला. १३ दिवस गेले, मध्ये ऑपरेशन झालं, शेवट न्यूमोनियाने झाला, तरी मूळ घटना इजा आहे. अपघाती मृत्यूची चौकशी पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली करतात. पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचं. म्हणून भरतीच्या वेळी एमएलसी नोंदवली आहे का ते पाहा. नसेल तर मृत्यूनंतर लगेच सीएमओंना सांगून पोलिसांना कळवा. पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा निर्णय तुमचा नाही, तो त्यांचा. नैसर्गिक मृत्यू समजून नातेवाइकांच्या हातात फॉर्म ४ देऊन मोकळं होता येत नाही.

इथे मोह फार होतो. घरचे हात जोडतात, ‘बाईला फाडू नका’ म्हणतात. मग कुणीतरी तळाची ओळच खोडतो, वर सेप्टिक शॉक, न्यूमोनिया, मधुमेह एवढं ठेवतो, आणि मृत्यू नैसर्गिक होऊन बसतो. समरी परत येण्याचं हेही एक कारण असतं, मीटिंगमध्ये ते मोठ्याने बोललं जात नाही इतकंच. फ्रॅक्चर केसपेपरच्या पहिल्या पानावर आहे, एक्स-रे आहे, ऑपरेशनची नोट आहे. विमा कंपनीचा माणूस अपघाती मृत्यूचा क्लेम घेऊन उभा राहिला की तीच कागदं निघतात आणि मग घरच्यांनाच त्रास होतो. त्यांना हे आधी नीट समजावून सांगा, आणि कुणाला, किती वाजता सांगितलं ते लिहून ठेवा.

एमएलसी असली तरी डेथ समरी लिहायचीच. फक्त मताच्या परिच्छेदात ‘उपचार करणाऱ्या टीमच्या मते’ आणि ‘अंतिम मत पोस्टमॉर्टेमनंतर’ असं लिहा. पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर ती वाचूनच सुरुवात करतात. कुठलं फुप्फुस, कुठली बाजू, गुठळीची शंका होती का, हे त्यांना तुमच्या समरीतून कळलं तर ते तिथे नेमकं पाहतील. गुठळीचा जो प्रश्न तुम्हाला सीटीशिवाय सोडवता आला नव्हता, त्याचं उत्तर कदाचित तिथे मिळेल.

राहिलेले रिपोर्ट मृत्यूनंतरही येतात. १५ ला रक्ताचं दुसरं कल्चर पाठवलेलं असेल तर ते १७-१८ ला येईल. ते आलं म्हणून जुनी समरी फाडून नवी छापू नका. खाली ‘पुरवणी नोंद’ म्हणून तारीख-वेळ घालून रिपोर्ट लिहा, साखळी बदलते की तशीच राहते हे एका वाक्यात सांगा, आणि युनिट हेडची सही घ्या. साखळी खरोखर बदलत असेल, तर नुसती पुरवणी पुरत नाही. एमआरडीला लेखी कळवा, कारण फॉर्म ४ निबंधकाकडे गेला असेल तर तिथेही दुरुस्ती लागेल.